डावे-उजवे की पूर्व-पश्चिम? भाषा विचाराला वळण लावते या दाव्याची एक तपासणी

‘माणूस ज्या भाषेत बोलतो तिच्याच चौकटीत तो विचार करतो’ हे वाक्य शिक्षकांच्या बैठकांत, भाषणांत आणि लेखांत वरचेवर भेटते. त्याच्या पुष्टीसाठी दिली जाणारी उदाहरणेही ठरलेली असतात. एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी डझनावारी शब्द आहेत, अमेरिकेतील होपी लोकांच्या भाषेत काळच नाही, वगैरे. वाक्य आकर्षक आहे, पण त्यात एक धोकाही आहे. त्याचाच आधार घेऊन पुढे ‘या मुलांच्या बोलीत हा शब्दच नाही, तेव्हा ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरणार कशी?’ असे म्हटले जाते. मग मूल चुकले की आपण कारण शोधायच्या आधीच निकाल देऊन मोकळे होतो. म्हणून या दाव्यात खरे किती आणि ओढूनताणून आणलेले किती, हे पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

या दाव्याला ‘भाषिक सापेक्षतावाद’ म्हणतात. त्याच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हे व्यवसायाने आगविमा कंपनीतील रसायन-अभियंता होते. भाषाशास्त्राचा अभ्यास त्यांनी एडवर्ड सपीर यांच्याकडे केला. ‘रिकामे’ असे लिहिलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ लोक बेफिकिरीने विड्या ओढतात, वास्तविक अशा पिंपात स्फोटक वाफ भरलेली असते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. लोक पिंपाला प्रतिसाद देत नसून ‘रिकामे’ या शब्दाला देत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरीक्षण मार्मिक आहे, पण पुरावा म्हणून लंगडे आहे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. शब्द काहीही असता तरी ज्याला वाफेविषयी माहिती नाही तो माणूस तेथे विडी पेटवणारच. होपी भाषेविषयीचे त्यांचे विधानही पुढे टिकले नाही. एकहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये ‘होपी टाइम’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या भाषेत दिवस, ऋतू, आधी, नंतर यांसाठी शब्दांची आणि रूपांची किती समृद्धी आहे, हे उदाहरणांनिशी दाखवले.

व्होर्फ यांची उदाहरणे कोसळली म्हणून मूळ प्रश्न मात्र निकालात निघत नाही. गेल्या काही दशकांत तो नव्या पद्धतीने, प्रयोगांच्या साहाय्याने विचारला गेला. त्यातील सर्वांत गाजलेला वाद जागेसंबंधीच्या भाषेचा आहे. नेदरलँड्समधील नाइमेखन येथील मॅक्स प्लांक संस्थेतील स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभे केले. त्याची एकत्रित मांडणी लेव्हिन्सन यांच्या ‘स्पेस इन लँग्वेज अँड कॉग्निशन’ (२००३) या पुस्तकात आहे. या लेखात आम्ही त्याच मांडणीची बलस्थाने आणि कच्चे दुवे तपासणार आहोत.

जागा सांगण्याच्या रीती

टेबलावर एक तांब्या आहे आणि त्याच्या बाजूला एक पेला आहे. पेला कोठे आहे हे आपण कसे सांगू? ‘तांब्याच्या उजवीकडे’ असे म्हटले तर आपण आपल्या शरीराचा आधार घेतला. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला तोच पेला डावीकडे दिसेल. या रीतीला आपण ‘देहसापेक्ष’ म्हणू. ‘तांब्याच्या पूर्वेला’ असे म्हटले तर बोलणारा कोठेही बसला तरी वाक्य खरेच राहते. ही ‘दिशासापेक्ष’ रीत. तिसरी रीत वस्तूचाच आधार घेते. ‘पेला दाराच्या बाजूला आहे’ किंवा ‘माणूस गाडीच्या पुढे उभा आहे’ ही तिची उदाहरणे. तिला ‘वस्तुसापेक्ष’ म्हणता येईल. पुढच्या वादात या तिसऱ्या रीतीला बरेच महत्त्व आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

मराठीत या तिन्ही रीती आहेत. शहरात आपण ‘चौकातून डावीकडे वळा’ म्हणतो. खेड्यात ‘विहीर बांधाच्या उगवतीला आहे’, ‘खालच्या आळीला जा’ असे सहज म्हटले जाते. संस्कृतातून आलेल्या शब्दांत तर पहिल्या दोन रीती एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि ‘दक्षिण’ म्हणजे ती दिशाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला येतो. ‘पूर्व’ म्हणजे पुढचे आणि ‘पश्चिम’ म्हणजे मागचे, हे अर्थही त्याच उभे राहण्यातून आले आहेत. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो म्हणून ती प्रदक्षिणा. म्हणजे शरीर आणि क्षितिज या दोन्हींचा आधार घेणे माणसाला नवे नाही.

सर्व भाषा मात्र या तिन्ही रीती सारख्या वापरत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे, क्वीन्सलँडमधील केप यॉर्क द्वीपकल्पावर गुगू यिमिथिर ही भाषा बोलली जाते. ‘कांगारू’ हा शब्द १७७० साली कॅप्टन कुकच्या गलबतावरील लोकांनी याच भाषेतून टिपला. जॉन हॅविलंड आणि नंतर लेव्हिन्सन यांनी या भाषेचा अभ्यास केला. तिच्यात जागा सांगण्यासाठी डावे-उजवे वापरले जात नाही. चार दिशांचे चार धातू आहेत आणि लहानमोठे सगळे त्यांच्यावरच चालते. ‘तुझ्या पायाच्या उत्तरेला मुंगी आहे’ असे तेथे म्हटले जाते. त्यांच्या दिशा होकायंत्राच्या दिशांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या सुमारे १७ अंशांनी फिरलेल्या आहेत. पण त्या पक्क्या आहेत, बोलणाऱ्याबरोबर वळत नाहीत.

याचा एक सुंदर पुरावा उपलब्ध आहे. होडी उलटून आपण पोहत किनारा कसा गाठला, ही हकीकत तेथील एका वृद्ध गृहस्थांनी हॅविलंड यांना १९८० मध्ये सांगितली. दोन वर्षांनी तीच हकीकत त्यांनी लेव्हिन्सन यांना सांगितली. दोन्ही वेळा चित्रीकरण झाले. पहिल्या वेळी ते पश्चिमेकडे तोंड करून बसले होते आणि होडी कशी उलटली हे दाखवताना त्यांचा हात शरीरापासून पुढे गेला. दुसऱ्या वेळी ते उत्तरेकडे तोंड करून बसले होते आणि हात उजवीकडून डावीकडे गेला. शरीराच्या हिशेबाने हे दोन वेगळे हावभाव झाले. क्षितिजाच्या हिशेबाने दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली. म्हणजे दिशा शब्दांत होतीच, शिवाय आठवणीतही होती.

प्रयोग कसा केला जातो

लेव्हिन्सन यांचा खरा दावा येथून सुरू होतो. लोक दिशांची भाषा बोलतात एवढेच त्यांना म्हणायचे नाही. बोलण्याचा प्रश्न नसतानाही ते दिशांनीच लक्षात ठेवतात, असे त्यांना दाखवायचे आहे. त्यासाठी वापरलेला प्रयोग अगदी साधा आहे आणि कोणत्याही शाळेत करता येण्यासारखा आहे.

दोन टेबले समोरासमोर, मध्ये अंतर ठेवून मांडायची. एका टेबलासमोर माणसाला उभे करायचे. समजा, त्याचे तोंड उत्तरेला आहे. टेबलावर खेळण्यातील तीन प्राणी, गाय, घोडा आणि डुक्कर, एका ओळीत ठेवलेले आहेत आणि सर्वांची तोंडे पूर्वेला, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला आहेत. ‘ही मांडणी नीट पाहून ठेवा’ एवढेच सांगायचे. प्राणी उचलायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग त्याला मागे वळवून दुसऱ्या टेबलासमोर आणायचे. आता त्याचे तोंड दक्षिणेला आहे. प्राणी त्याच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, ‘तसेच मांडा.’

ज्याने ‘उजवीकडे तोंड’ असे लक्षात ठेवले असेल तो प्राण्यांची तोंडे आताही उजवीकडे करील. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाची उजवी बाजू पश्चिमेला येते. म्हणजे प्राणी पश्चिमेकडे निघालेले दिसतील. ज्याने ‘पूर्वेकडे तोंड’ असे लक्षात ठेवले असेल तो त्यांची तोंडे आपल्या डाव्या हाताला करील. ओळीतील प्राण्यांचा क्रम दोघांचाही बरोबर असेल. फरक फक्त ओळ कोणत्या बाजूला निघाली एवढाच, आणि त्यावरून कोणती रीत वापरली ते कळते. सर्व तपासणीत एकदाही ‘डावे’, ‘उजवे’ किंवा ‘पूर्व’ हा शब्द उच्चारायचा नाही.

एरिक पेडरसन, लेव्हिन्सन आणि इतरांनी १९९८ मध्ये अशा कामाचे तुलनात्मक निष्कर्ष प्रसिद्ध केले. डच आणि जपानी बोलणाऱ्या बहुतेकांनी शरीराच्या हिशेबाने मांडणी केली. मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील तेनेहापा येथील त्सेल्ताल भाषकांनी बहुतांशी दिशांच्या हिशेबाने केली. त्सेल्तालमध्ये दिशांना ‘चढाकडे’ आणि ‘उताराकडे’ म्हणतात. तेथील डोंगर सर्वसाधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरतो, म्हणून ‘उताराकडे’ म्हणजे साधारण उत्तर. सपाट टेबलावरच्या वस्तूंसाठीही हेच शब्द वापरले जातात. त्या भाषेत डावा हात आणि उजवा हात यांना शब्द आहेत, पण ते हातांपुरतेच. ‘झाडाच्या डावीकडे’ असे त्यातून होत नाही.

यावरून लेव्हिन्सन एक नेमका युक्तिवाद करतात आणि आमच्या मते त्यांच्या पुस्तकातील तोच सर्वांत भक्कम भाग आहे. समजा, एखादी घटना तुम्ही फक्त डाव्या-उजव्याच्या हिशेबाने लक्षात ठेवली. वर्षभराने ती तुम्हाला गुगू यिमिथिरमध्ये सांगायची आहे. तुम्हाला ते जमणार नाही, कारण ‘उजवीकडे’ या आठवणीतून ‘पूर्वेला’ हे नंतर काढता येत नाही. त्या वेळी आपले तोंड कोणत्या दिशेला होते हेही ठाऊक असावे लागते. म्हणजे ज्याला ही भाषा बोलायची आहे त्याला दिवसभर, प्रत्येक क्षणी, न विसरता दिशांची नोंद ठेवावीच लागते. त्याला तशी सवय लागते आणि ती भाषेमुळे लागते. रानात नेऊन दूरच्या, न दिसणाऱ्या ठिकाणांकडे बोट दाखवायला सांगितले असता गुगू यिमिथिर भाषक आश्चर्यकारक अचूकपणे दाखवतात, हेही लेव्हिन्सन यांनी मोजले आहे.

‘तसेच’ म्हणजे कसे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ‘तसेच मांडा’ या सूचनेवरच आहे. पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी २००२ मध्ये तो मांडला. ‘तसेच’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. अशा वेळी माणूस काय करतो? विचारणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत असावा याचा अंदाज बांधतो. आणि आपल्या भोवतालचे लोक जागेविषयी जसे बोलतात त्यावरूनच तो अंदाज बांधणार. तेव्हा प्रयोगातून दिसते ती त्याची विचार करण्याची क्षमता नव्हे, तर द्व्यर्थी सूचनेचा त्याने लावलेला अर्थ. हा आक्षेप आम्हाला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. शिक्षकांना तो चटकन पटेल, कारण प्रश्नपत्रिकेतील संदिग्ध प्रश्नाने मुलाच्या ज्ञानाचे माप घेता येत नाही हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले आहे.

त्यांचा दुसरा आक्षेप परिसराविषयी होता. तेनेहापातील प्रयोग मोकळ्या जागेच्या सान्निध्यात झाले, डच लोकांचे बंद खोलीत. फरक भाषेचा नसून खिडकीचा असेल तर? त्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. खिडक्यांचे पडदे पाडलेल्या खोलीत विद्यार्थ्यांनी शरीराचा हिशेब वापरला. बाहेर दिसू लागले तेव्हा त्यांची उत्तरे दिशांच्या बाजूला झुकली. टेबलाच्या टोकाशी खेळण्यातील बदकांचे तळे खूण म्हणून ठेवले तेव्हा तर विद्यार्थी त्या खुणेच्या बाजूने मांडू लागले. इंग्रजी भाषा तीच राहिली आणि उत्तर बदलले. मग भाषेला श्रेय कसले?

लेव्हिन्सन, सोतारो किता, डॅनियल हाउन आणि ब्योर्न राश यांनी त्याच वर्षी उत्तर दिले आणि त्यातील एक मुद्दा वैज्ञानिक पद्धतीचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. ते म्हणाले, बदकाच्या बाजूने मांडणे ही दिशासापेक्ष रीत नव्हे, ती वस्तुसापेक्ष रीत आहे. विद्यार्थ्याने ‘पूर्वेकडे’ नव्हे, ‘बदकाकडे’ असे लक्षात ठेवले. या दोहोंतील फरक अर्ध्या वळणाच्या प्रयोगात दिसतच नाही, कारण बदक पूर्वेला ठेवले की दोन्ही उत्तरे एकच येतात. फरक पाहायचा तर पाव वळण, म्हणजे ९० अंश, द्यावे.

हे कसे, ते पाहू. उत्तरेकडे तोंड असलेल्या विद्यार्थ्यासमोर प्राण्यांची तोंडे उजवीकडे आहेत. ती दिशा पूर्व आहे आणि त्याच टोकाला बदक आहे. आता त्याला पाव वळण देऊन पूर्वेकडे तोंड करून दुसऱ्या टेबलासमोर उभे केले. त्याची उजवी बाजू आता दक्षिण झाली. या टेबलावर बदक डाव्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाला ठेवले. शरीराच्या हिशेबाने मांडणारा प्राण्यांची तोंडे दक्षिणेला करील, बदकाच्या हिशेबाने मांडणारा उत्तरेला करील आणि दिशांच्या हिशेबाने मांडणारा आपल्यापासून दूर, पूर्वेला करील. तीन रीती, तीन वेगळी उत्तरे. एका साध्या बदलाने गुंता सुटला. आपल्या प्रयोगात ज्या दोन कारणांचे फळ एकच दिसते, त्या दोन कारणांमध्ये त्या प्रयोगाला निवाडा करता येत नाही, हा यातला धडा. उघड्या जागेत डच विद्यार्थ्यांवर प्रयोग करूनही त्यांची उत्तरे दिशांकडे झुकली नाहीत, असेही या गटाने दाखवले.

बदकाच्या बाबतीत लेव्हिन्सन यांचे म्हणणे आम्हाला पटते. पण ‘तसेच’ या शब्दाविषयीचा आक्षेप त्यामुळे दूर झाला नाही. तो दूर करायचा तर ज्याला एकच बरोबर उत्तर आहे असा प्रश्न द्यायला हवा.

एकच उत्तर असलेले प्रश्न

असे प्रश्न नंतर दिले गेले आणि २०११ साली एकमेकांविरुद्ध वाटणारे दोन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ली, लिंडा अबारबनेल, ग्लाइटमन आणि अॅना पापाफ्रागू यांनी तेनेहापातील त्सेल्ताल भाषकांनाच अशी कोडी घातली, ज्यांचे उत्तर काही वेळा फक्त शरीराच्या हिशेबाने मिळते आणि काही वेळा फक्त बाहेरच्या आधाराने. त्यांच्या भाषेत ‘डावीकडे’ म्हणण्याची सोय नाही, तरी शरीराच्या हिशेबाची कोडी त्यांनी सहज सोडवली. इतकेच नव्हे, ती कोडी त्यांना एकंदरीत अधिक चांगली जमली. भाषेने एखादा रस्ता बंद केला असता तर असे झाले नसते.

दुसरा निष्कर्ष हाउन, लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी नामिबियातील हाइओम आणि नेदरलँड्समधील डच प्राथमिक शाळेतील मुले घेतली. प्रत्येक गटाला आपल्या सवयीची रीत सोडून दुसरी वापरण्याची स्पष्ट सूचना दिली. मुलांना ती रीत सहजासहजी पकडता आली नाही आणि त्यांच्या चुका वाढल्या. म्हणून हा फरक केवळ आवडीचा नसून कौशल्याचाही आहे, असे लेखकांनी म्हटले.

हे दोन निष्कर्ष एकत्र कसे नांदतात? आमच्या मते त्यांच्यात दिसतो तितका विरोध नाही. स्वतःच्या शरीराभोवतीची जागा ओळखणे ही प्रत्येक माणसाजवळ असलेली गोष्ट आहे. तिला शब्दाची गरज नाही. पण अनेक वस्तूंची गुंतागुंतीची मांडणी थोडा वेळ डोक्यात धरून वळल्यावर पुन्हा उभी करणे हे सरावाचे काम आहे. त्यात ज्या रीतीचा रोज सराव होतो ती सफाईने चालते आणि दुसरी अडखळते. डावखुऱ्या नसलेल्या माणसाला डाव्या हाताने लिहिता येत नाही, म्हणून त्याला डावा हातच नाही असे कोणी म्हणत नाही.

भाषा की भाषेचा वापर?

एक प्रश्न उरतो आणि त्याबाबत लेव्हिन्सन यांच्या पुस्तकाची बाजू आम्हाला सर्वांत कच्ची वाटते. सवय लागते हे मान्य, पण ती भाषेमुळेच लागते कशावरून? दिशांची भाषा बोलणारे लोक बहुधा शेतीवर, डोंगरात किंवा रानात राहतात. त्यांचे आयुष्य उघड्यावर जाते. कदाचित जगण्याच्या रीतीमुळे दिशांकडे लक्ष जाते आणि त्यातूनच भाषाही तशी होते.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारे काम भारतातच झाले आहे. पेडरसन यांनी तामिळनाडूत तमिळ भाषकांचा अभ्यास केला. तमिळमध्ये डावे-उजवेही आहे आणि चार दिशाही. शहरी तमिळ भाषक टेबलावरच्या वस्तूंसाठी डावे-उजवे अधिक वापरतात, ग्रामीण भाषक दिशा अधिक वापरतात, आणि प्राण्यांच्या प्रयोगातही त्यांच्या उत्तरांचा कल त्याप्रमाणे वेगळा पडला. व्याकरण तेच, शब्दसंग्रह तोच. तेव्हा ‘तमिळ भाषा विचार घडवते’ हे विधान येथे निरर्थक ठरते. घडवत असेल तर तमिळ वापरण्याची सवय घडवते.

रमेशचंद्र मिश्र (बनारस हिंदू विद्यापीठ) आणि पियरे डासेन (जिनिव्हा) यांनी वाराणसी परिसर, नेपाळ आणि बाली येथील मुलांवर दीर्घकाळ काम केले. त्यांचे पुस्तक २०१० मध्ये निघाले. वाराणसीतील हिंदी माध्यमाच्या आणि संस्कृत माध्यमाच्या शाळांतील मुलांची त्यांनी तुलना केली. संस्कृत शाळांतील मुले दिशांची भाषा आणि दिशांचा हिशेब अधिक वापरताना आढळली. शहर तेच, पण या शाळांच्या दिनक्रमात कोणत्या कर्मासाठी कोणत्या दिशेला तोंड करायचे याला सतत महत्त्व असते. येथे शब्द आणि आचार हे जोडीनेच येतात. त्यांतील एक कारण आणि दुसरे परिणाम असे वेगळे काढता येत नाही. लेव्हिन्सन यांनी दाखवलेला संबंध खरा आहे, पण दोन गोष्टी बरोबर आढळतात यावरून एकीमुळे दुसरी घडते, हे सिद्ध होत नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. भाषेचा रोजचा वापर एक सवय लावतो. दोन मार्ग खुले असतील तर कोणता आधी धरायचा हे त्या सवयीवर ठरते. तो वापर आयुष्याच्या बाकीच्या रीतीशी इतका विणलेला असतो की एकट्या भाषेच्या नावावर सगळे जमा करता येत नाही. आणि ज्या मार्गाला शब्द नाही तो मार्ग बंद होत नाही. त्यावर चालण्याचा सराव कमी असतो, एवढेच.

वर्गात याचा उपयोग कोठे होतो ते सांगून थांबतो. भारताचा नकाशा दक्षिणेकडच्या भिंतीवर टांगलेला आहे असे समजा. त्याच्याकडे तोंड केले की उजवा हात पश्चिमेला येतो. आपण मात्र उजवीकडच्या बंगालच्या उपसागराकडे छडी नेत म्हणतो, ‘ही पूर्व.’ ज्या मुलाने घरात ‘उगवतीला’ आणि ‘मावळतीला’ हेच शब्द ऐकले आहेत त्याला हे वाक्य सरळसरळ खोटे वाटू शकते, कारण सूर्य त्या बाजूला मावळताना त्याने पाहिलेला आहे. त्याने गोंधळून चुकीचे उत्तर दिले तर ते मंदबुद्धीचे लक्षण नाही. कदाचित वर्गात खरी पूर्व कोठे आहे हे नेमके त्यालाच ठाऊक असेल. नकाशा उत्तरेच्या भिंतीवर टांगला, किंवा जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवली, की हा विरोध नाहीसा होतो. नंतर तो पुन्हा भिंतीवर नेऊन ‘कागदावरची पूर्व’ हा संकेत वेगळा शिकवता येतो.

कोणते मूल कोणता हिशेब वापरते हे पाहायचे असेल तर प्राण्यांचा प्रयोग करून पाहावा. खेळण्यांऐवजी मातीचे बैल चालतील. ‘डावे’, ‘उजवे’ हे शब्द तोंडून जाऊ देऊ नयेत आणि हातवारेही करू नयेत. मुले एकमेकांचे पाहून करतात, म्हणून प्रत्येकाला वेगळे बोलवावे. एका उत्तरावर काही ठरवू नये. ओळीची दिशा बदलत चार-पाच वेळा करावे. पाव वळणही द्यावे, म्हणजे मूल दिशा धरते आहे की दाराची किंवा फळ्याची खूण धरते आहे हे वेगळे कळेल. शेवटी ‘असे का मांडलेस?’ हे जरूर विचारावे. आणि मांडणी आपल्या अपेक्षेप्रमाणे नसली तर ती चूक म्हणून नोंदवू नये. ‘तसेच’ म्हणजे कसे, हे आपणच सांगितलेले नव्हते.